प्रतिक्षिप्त क्रियेचा फलक: प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर

प्रयोगशाळेच्या भिंतीसाठी प्रतिक्षिप्त क्रियेच्या, म्हणजे चटका बसताच विचार न करता हात मागे येतो त्या क्रियेच्या, मार्गाचा मोठा फलक करायचा आहे. आकृती पक्की आणि लेबलं सुटी, म्हणजे ती मुलांनी स्वतः लावायची. फलकाने नेमकं काय शिकवायचं हे ठरवण्यासाठी नववीच्या पहिल्या सत्राच्या उत्तरपत्रिकांतल्या आकृत्या आज पुन्हा काढून बघितल्या.

परीक्षेत या मार्गाची आकृती देऊन चार नावं लावायला सांगतात: उद्दीपन ओळखणारा रिसेप्टर, आवेग म्हणजे तो निरोप आत नेणारा सेन्सरी न्यूरॉन, तो मध्ये पुढे देणारा रिले न्यूरॉन आणि प्रतिसाद देणारा इफेक्टर. क्रम नुसता शब्दांत विचारला तर बहुतेक मुलं न अडखळता लिहितात: रिसेप्टर, सेन्सरी न्यूरॉन, रिले न्यूरॉन, इफेक्टर. तीच नावं आकृतीवर टाकायला सांगितली की गडबड सुरू होते. काहींनी रिसेप्टर मेणबत्तीच्या ज्योतीवर लिहिलंय. ज्योत हे उद्दीपन, ती शरीराच्या बाहेर आहे. रिसेप्टर म्हणजे कातडीतली चेतातंतूची टोकं. काहींनी इफेक्टरची रेघ बोटाच्या टोकाला नेली, कारण मागे येतं ते बोट. पण बोट ओढलं जातं, ओढणारा स्नायू वर दंडात आहे.

तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतो. सेन्सरी आणि स्नायूकडे निरोप नेणारा मोटर न्यूरॉन, या दोघांची जागा अदलाबदल झालेली असते. अशी आकृती लांबून अगदी बरोबर वाटते. पाचही नावं आहेत, रेघा सरळ आहेत, पण आवेग उलट्या दिशेने वाहतोय. पाठांतराने हे सुटत नाही. क्रम पाठ आहेच, तो चित्रात कुठून मोजायला सुरुवात करायची हे कळत नाही. फलक त्यासाठी करायचा.

२० नोव्हेंबर

इतवारीतून ४ बाय ३ फुटांचा एमडीएफचा बोर्ड आणला. आज मेरुरज्जूचा आडवा छेद आखला.

मानेच्या भागात मेरुरज्जू जेमतेम १३-१४ मिलिमीटर रुंद असतो. फलकावर तो ४० सेंटिमीटर घेतला, म्हणजे साधारण ३० पट. याच मापाने हात काढायचा तर तो वर्गाबाहेर व्हरांड्यात जाईल. म्हणून छेद मोठा आणि हात लहान, आणि तसं खाली कोपऱ्यात लिहून ठेवलं. मुलं आकृतीतली मापं खरी धरतात, त्यामुळे ही ओळ गरजेची आहे.

आतला करडा भाग फुलपाखरासारखा असतो असं आपण शिकवतो आणि मग दोन्ही पंख सारखे काढतो. ते सारखे नसतात. पाठीकडची दोन शिंगं बारीक असतात आणि छेदाच्या कडेपर्यंत जवळजवळ पोचतात. पोटाकडची दोन रुंद, बोथट असतात आणि कडेपासून बरीच आत थांबतात. शिवाय पोटाकडच्या बाजूला मधोमध एक खोल, रुंद खाच असते, तर पाठीकडे बारीकशी रेघ. हे नीट काढलं की आकृती उलटी छापलेली असली तरी पाठ कुठली आणि पोट कुठलं ते ओळखता येतं. आणि पाठ कुठली हे कळलं की निम्मी लेबलं लागली, कारण सेन्सरी न्यूरॉन नेहमी पाठीकडून आत शिरतो आणि मोटर न्यूरॉन नेहमी पोटाकडून बाहेर पडतो.

फलकावर पाठ वरच्या बाजूला ठेवली, पुस्तकातल्या बहुतेक आकृत्यांसारखी.

२३ नोव्हेंबर

लोकर लावली. सेन्सरी निळी, रिले पिवळी, मोटर लाल. पेशीकायांसाठी, म्हणजे चेतापेशींच्या मुख्य भागांसाठी, लाकडी मणी.

मणी कुठे बसतात हेच या आकृतीचं मर्म आहे, म्हणून त्यावर सगळा वेळ दिला. सेन्सरी न्यूरॉनचा मणी वाटेत बसत नाही. तंतू मेरुरज्जूला जिथे जोडले जातात त्याला मूळ म्हणतात; पाठीकडच्या मुळावर, मेरुरज्जूच्या बाहेर एक फुगीर गाठ असते, तिला गँग्लिऑन म्हणतात. पेशीकाय त्या गाठीत असतो, आणि तोही मुख्य तंतूला एका छोट्या देठाने बाजूला जोडलेला. आवेग बोटाकडून येतो आणि सरळ पुढे मेरुरज्जूत जातो. रिले न्यूरॉन अख्खा करड्या भागाच्या आत मावतो. मणी आत, तंतूही आत. मोटर न्यूरॉनचा मणी पोटाकडच्या रुंद शिंगात आणि तंतू मात्र बाहेर, थेट स्नायूपर्यंत.

म्हणजे गाठ दिसेल ती बाजू आत येणारी. पोटाकडच्या मुळावर अशी गाठ नसते. उत्तरपत्रिकांत गाठ काढलेली होती, पण ती शोभेसाठी असावी तशी. दोन आकृत्यांत तर ती दोन्ही मुळांवर होती.

आणखी एक गोष्ट लोकर चिकटवताना मुद्दाम पाळली. निळी लोकर जिथे संपते तिथे पिवळी चिकटवली नाही, मध्ये बोटभर जागा सोडली. पिवळी आणि लाल यांच्यातही तसंच. एका चेतापेशीचं टोक दुसरीला चिकटत नाही, मध्ये फट असते आणि तिथे निरोप रसायनाच्या रूपात पलीकडे जातो. मुलं एका सलग रेघेत सगळा मार्ग काढतात आणि मग रिले न्यूरॉन कुठे सुरू होऊन कुठे संपतो हे दाखवताच येत नाही. फट दिसली की सीमा दिसते.

२४ नोव्हेंबर

परीक्षेच्या प्रश्नात नावं चार असतात, मार्गात टप्पे पाच. रिले न्यूरॉन आणि इफेक्टर यांच्यामध्ये मोटर न्यूरॉन आहे आणि त्याचं नाव बऱ्याचदा आधीच छापून दिलेलं असतं. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं रिलेतून थेट स्नायू. मग उरलेल्या जागांत नावं भरताना लाल तंतूलाच इफेक्टर म्हणून मोकळा होतो.

आमच्या दुसऱ्या विज्ञानाच्या सरांचं म्हणणं, "मॅडम, पाचही सुटीच ठेवा, नाहीतर एक नाव फुकटात मिळतं." मी मोटर न्यूरॉनचं लेबल पक्कं चिकटवायचं ठरवलं. परीक्षेत समोर येणारी आकृती तशीच असते, आणि एक नाव दिलेलं असताना त्याच्या आधारे बाकीची कशी शोधायची हेही शिकायला हवं. लाल तंतूवर नाव दिसतंय, तर त्याच्या आधीचा तो रिले आणि त्याच्या शेवटी असलेला तो इफेक्टर. दिलेल्या नावापासून दोन्ही बाजूंना चालत जायचं.

लेबलांच्या पट्ट्यांवर दोन्ही नावं छापून घेतली, कारण वर्ग सेमीचा आहे: रिसेप्टर/ग्राही, सेन्सरी न्यूरॉन/संवेदी चेतापेशी, रिले न्यूरॉन/सहयोगी चेतापेशी. पट्टी लावायला वेल्क्रो. नावाची रेघ साधी, तिला बाणाचं टोक नाही. बाण फक्त आवेगाची दिशा दाखवायला. दोन्हीकडे बाण आले की कुठला बाण चालतो आणि कुठला बोट दाखवतो हे कळेनासं होतं.

२७ नोव्हेंबर

कुठलं बोट आणि कुठला स्नायू हे आज पक्कं केलं. गरम तव्याला अंगठा लागला आणि हात कोपरात दुमडून मागे आला, एवढाच प्रसंग घ्यायचा.

अंगठाच का, तर अंगठ्याच्या कातडीची संवेदना मानेच्या सहाव्या मेरुचेतेतून आत येते आणि दंडाच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे बायसेप्सला, जाणारे तंतू मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मेरुचेतेतून बाहेर पडतात. आत येणं आणि बाहेर जाणं जवळपास एकाच पातळीवर, त्यामुळे एकाच छेदात सगळा मार्ग दाखवला तरी ते खोटं ठरत नाही. करंगळी घेतली असती तर संवेदना आठव्या मेरुचेतेतून येते. मग तिथून दोन पातळ्या वर चढून बायसेप्सच्या न्यूरॉनपर्यंत पोचायचं, आणि ती चढण एका सपाट छेदात दिसत नाही.

एक मर्यादा मात्र फलकावर राहणार. खऱ्या शरीरात हात मागे घेताना एकच रिले न्यूरॉन काम करत नाही, त्यांची साखळी असते. त्यातलेच काही कोपर सरळ करणाऱ्या मागच्या स्नायूला, ट्रायसेप्सला, सैल सोडायचा निरोप देतात. तो सैल झाला नाही तर बायसेप्स आकुंचन पावूनही हात नीट दुमडणार नाही. एक पिवळी लोकर म्हणजे त्या सगळ्यांची प्रतिनिधी. ट्रायसेप्सकडे जाणारी वाट फिक्या रंगात, नाव न देता काढली.

२ डिसेंबर

आज मुलांनी फलक पहिल्यांदा वापरला. सूचना एकच दिली: लेबल हातात घेण्याआधी गाठ शोधा.

एका मुलीने गाठीवर बोट ठेवलं, तिथून निळ्या लोकरीवरून उलटं चालत बोटापर्यंत गेली, अंगठ्याच्या कातडीवर थांबली आणि म्हणाली, "इथं सुरू होते ना, मॅडम? मग रिसेप्टर इथं." मग पुन्हा गाठीवर येऊन पुढे करड्या भागात शिरली, पहिली फट आली तिथे सेन्सरी संपला म्हणाली. दुसरी फट येईपर्यंतचं ते रिले. दुसऱ्या फटीपलीकडे मोटर न्यूरॉनचं नाव आधीच लागलेलं होतं, तिथून लाल लोकर धरून दंडापर्यंत. इफेक्टरची पट्टी तिने स्नायूच्या फुगीर भागावर लावली.

तिच्या मागच्याने मात्र सुरुवात मेंदूपासून केली. मेंदूकडे जाणारा तुटक धागा मी फलकावर ठेवला आहे, कारण चटका जाणवतो तो मेंदूत. तो म्हणाला, "पण मेंदूनं सांगितल्याशिवाय हात कसा काय मागं येऊन राहिला?" प्रश्न रास्त आहे आणि नुसतं 'नाही लागत मेंदू' असं सांगून तो सुटत नाही. याचं उत्तर फलकावरच दाखवता यायला हवं.

४ डिसेंबर

उत्तर कापून दाखवायचं. प्रत्येक लोकरीत एक जोड केला, दोन्ही टोकांना प्रेसबटण. बटण उघडलं की तंतू कापला असं धरायचं, आणि मग विचारायचं: आता काय होईल?

ही पद्धत शोधायला लांब जावं लागत नाही. मागचं, म्हणजे पाठीकडचं, मूळ आत आणतं आणि पुढचं, म्हणजे पोटाकडचं, मूळ बाहेर नेतं हे असंच कळलं. चार्ल्स बेल यांनी १८११ मध्ये पुढच्या मुळाचा हालचालीशी संबंध दाखवला, आणि १८२२ मध्ये फ्रान्स्वा माजांदी यांनी कुत्र्याच्या पिल्लांची मुळं वेगवेगळी कापून पाहिली. मागचं कापलं की संवेदना जाते, पुढचं कापलं की हालचाल जाते. आज आपण सेन्सरी आणि मोटर हे शब्द त्या मुळांवर लिहितो ते त्या कापण्यावरूनच.

वर्गात असं झालं. पहिल्यांदा गाठीजवळची निळी लोकर उघडली. मुलांनी आधी सांगितलं, हात मागे येणार नाही. बरोबर. चटका जाणवेल का? इथे थोडा वेळ गेला. तुटक धागा मेंदूकडे जातो तो करड्या भागातून, म्हणजे कापलेल्या जागेच्या पुढून, म्हणून जाणवणारही नाही. आणि मुद्दाम हात हलवायला सांगितला तर? तो हलेल, कारण लाल लोकर शाबूत आहे. हे शेवटचं वाक्य एका मुलाने स्वतःहून म्हटलं तेव्हा मला फलक केल्याचं सार्थक वाटलं.

मग निळी जोडून लाल उघडली. आता चटका पूर्ण जाणवतो, माणूस ओरडेल, पण बायसेप्स हलत नाही. प्रतिक्षिप्त क्रियेनेही नाही आणि मनात आणूनही नाही.

शेवटी फक्त तुटक धागा सोडवला. हात झटकन मागे येतो, पण चटका बसल्याचं कळत नाही. परवा मेंदूपासून सुरुवात करणारा मुलगाच पुढे येऊन म्हणाला, "म्हणजे मेंदूला फक्त बातमी जाते." हेच त्याला हवं होतं.

चुकीचा क्रम लावलेला असेल तर तोही इथे पकडला जातो. समजा कोणी सेन्सरी आणि मोटरची अदलाबदल केली. मग गाठीचं मूळ कापल्यावर त्याला 'चटका कळतो पण हात हलत नाही' असं म्हणावं लागतं, आणि मेंदूकडची वाट तर त्याच कापलेल्या तंतूच्या पुढे निघालेली डोळ्यांना दिसते. उत्तर आकृतीशी जुळत नाही, हे मुलाला आपलं आपणच दिसतं.

मोठ्या मुलांसाठी खाली एक टीप लावली: प्रत्यक्षात एकच मूळ निकामी झालं तर अंगठा पूर्ण बधिर होईलच असं नाही, कारण शेजारच्या मेरुचेतांचे प्रदेश एकमेकांवर थोडे चढलेले असतात. फलकावर 'कापणं' म्हणजे त्या वाटेचे सगळेच तंतू कापणं.

८ डिसेंबर

दिवे. बर्डीतून एलईडी आणि वायर आणली, दहावीच्या दोघांनी सोल्डरिंग केलं. दिवे मार्गावरून एकामागोमाग लागले पाहिजेत. खऱ्या वेगाने लावले तर सगळे एकदमच लागल्यासारखे दिसतील, म्हणून किती हळू करायचं त्याचा हिशोब केला.

अंगठ्याच्या टोकापासून मानेपर्यंत नववीतल्या मुलाचं अंतर ७५ सेंटिमीटरच्या आसपास भरतं. चटक्याची पहिली, तीक्ष्ण खबर नेणारे तंतू सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाचे. १५ धरले तर आत यायला ५० मिलिसेकंद. दोन फटी, प्रत्येकी १ मिलिसेकंदाच्या आत-बाहेर. मोटर तंतू जास्त वेगवान, ५० मीटर धरू. मानेपासून बायसेप्स ३५ सेंटिमीटर, म्हणजे ७ मिलिसेकंद. सगळे मिळून ६० मिलिसेकंदांच्या जवळपास, त्यात स्नायू आकुंचन पावायचा वेळ वेगळा.

हे ५० पट हळू केलं. निळे दिवे अडीच सेकंद चालतात, पिवळा जेमतेम लुकलुकतो आणि लाल तिसऱ्या हिश्श्याच्या सेकंदात दंडापर्यंत पोचतात. मुलांची समजूत अशी असते की मेरुरज्जू थोडा वेळ 'विचार' करतो. दिवे बघितले की दिसतं, जवळजवळ सगळा वेळ निळ्या वाटेवरच जातो. खरी रिलेची साखळी धरली तर पिवळा थोडा जास्त टिकेल, तरी निळ्याच्या जवळपासही येणार नाही.

तुटक धाग्याला दिवे नाही लावले. दोन दोन गोष्टी एकदम लुकलुकल्या की नजर वाटेवर राहत नाही.

१० डिसेंबर

गुडघ्याच्या झटक्याबद्दल विचारणा आलीच. डॉक्टर वाटीखाली हातोडी मारतात, पाय पुढे उडतो, त्यात रिले कुठे दाखवायचा? कुठेच नाही. हातोडीने कंडरा ताणला जातो, त्यासोबत मांडीचा पुढचा स्नायू ताणला जातो, त्या स्नायूच्या आतलेच ताण ओळखणारे रिसेप्टर आवेग पाठवतात आणि तो सेन्सरी न्यूरॉन कमरेच्या पातळीवर थेट मोटर न्यूरॉनला मिळतो. फट एकच. रिसेप्टर आणि इफेक्टर एकाच स्नायूत. मांडीच्या मागच्या स्नायूला सैल करायला मात्र रिले लागतो.

चार नावांचा प्रश्न गुडघ्याच्या चित्रावर आला तर आकृतीत पिवळा टप्पा काढलाय का ते आधी बघायचं. नसेल तर रिले शोधत बसू नये. हे मी फलकाच्या मागच्या बाजूला लहान आकृती काढून ठेवलं. पुढच्या बाजूला त्याची मिसळ नको.

१३ डिसेंबर

संत्र्यांचे दिवस आहेत, डब्यात प्रत्येकाकडे संत्रं. मधल्या सुटीत एकाने साल दुमडून दुसऱ्याच्या डोळ्यासमोर पिळली, त्याचे दोन्ही डोळे गच्च मिटले आणि पाणी यायला लागलं. डोळा धुवून झाल्यावर तोच फलकासमोर येऊन विचारतो, "मॅडम, हे कुठून गेलं? डोळ्याचं पण मानेतूनच जाते का?"

नाही. हा मार्ग मेरुरज्जूत जातच नाही. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातली चेतातंतूंची टोकं हे रिसेप्टर. तिथून पाचव्या मस्तिष्क चेतेतून आवेग मस्तिष्कस्तंभात येतो, आणि सेन्सरी न्यूरॉनचा पेशीकाय इथेही बाहेरच, कवटीच्या तळाशी असलेल्या एका गाठीतच असतो. रिले मस्तिष्कस्तंभाच्या आत. रिले दोन्ही बाजूंना जोडलेले, म्हणून एका डोळ्यात उडालं तरी मिटतात दोन्ही. बाहेर जाणारी वाट सातव्या चेतेची आणि इफेक्टर म्हणजे डोळ्याभोवतीचा गोल स्नायू. पाणी आलं त्यासाठीचा इफेक्टर मात्र स्नायू नाही, अश्रुग्रंथी आहे.

मुलांच्या वहीत इफेक्टर म्हणजे स्नायू एवढंच पक्कं झालेलं दिसतं, ग्रंथी कोणी लिहीत नाही. दुसरा, लहान फलक याच मार्गाचा करायचा ठरवलं. २ बाय २ फुटांचा तुकडा शिल्लक आहे. निळी लोकर पुरेल, लाल आणावी लागेल, कारण इथे ती दोन डोळ्यांकडे जाणार आणि ग्रंथीची वाट त्याहून वेगळी दाखवायची आहे.